प्रथिन-संरचनेचे संगणकीय भाकीत आणि सर्पविषरोधक औषधांचा शोध

प्रथिन-संरचनेचे संगणकीय भाकीत म्हणजे प्रथिनातील अमिनो आम्लांच्या क्रमावरून त्या प्रथिनाची त्रिमितीय घडी कशी असेल, याचा यंत्र अध्ययनाच्या (मशीन लर्निंगच्या) साहाय्याने बांधलेला अंदाज होय. औषधसंशोधनात या अंदाजाचा उपयोग दोन प्रकारे होतो. रोगास किंवा विषबाधेस कारण ठरणाऱ्या प्रथिनाचा आकार त्यावरून समजतो आणि त्या आकारावर नेमके बसेल असे नवे प्रथिन किंवा रासायनिक संयुग योजता येते. सर्पविषातील त्रिअंगुली विषांना निष्प्रभ करणारी, पूर्णपणे संगणकावर रचलेली प्रथिने २०२५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. महाराष्ट्रासारख्या सर्पदंशबहुल राज्यातील वाचकाला हे तंत्र कोठपर्यंत पोहोचले आहे आणि प्रयोगशाळेतील व रुग्णालयातील कोणते पुरावे अद्याप बाकी आहेत, हे समजून घेण्यास हे उदाहरण सोयीचे असल्याने प्रस्तुत लेखात तेच मध्यवर्ती ठेवले आहे.

पार्श्वभूमी

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असावेत, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला आहे. यातील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातील असून शेतात काम करताना किंवा घरात जमिनीवर झोपलेले असताना दंश होणे हे नेहमीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला.

भारतात वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचे मानले जाणारे चार साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चौघांच्या विषांविरुद्ध एकच बहुगुणी प्रतिविष वापरले जाते. ग्रामीण बोलीत त्यास 'सापाची लस' म्हणतात. परंतु लस रोगापूर्वी देऊन शरीराला प्रतिपिंडे तयार करावयास लावते, तर प्रतिविषात तयार प्रतिपिंडेच असतात आणि ती दंशानंतर द्यावयाची असतात. त्यासाठी घोड्यांना विषाच्या अल्प मात्रा वाढत्या क्रमाने टोचतात, त्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी करून शुद्ध करतात आणि कुपीत भरतात. महाराष्ट्रात या कामाशी हाफकिन हे नाव दीर्घकाळ जोडलेले आहे. मुंबईत परळ येथे १८९९ साली प्लेग संशोधन प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेल्या संस्थेचे नाव पुढे हाफकिन संस्था झाले, आणि तिच्या उत्पादन विभागातून राज्य शासनाचे हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळ उभे राहिले.

भारतीय मानकानुसार प्रतिविषाच्या एका मिलिलिटरने नागाचे व घोणसाचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यार व फुरसे यांचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ होणे अपेक्षित असते. घोड्याच्या प्रथिनांची तीव्र अ‍ॅलर्जी काही रुग्णांना येते, म्हणून प्रतिविष डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. नागाच्या विषातील सर्वांत घातक रेणू आकाराने फार लहान असतात आणि घोड्याची प्रतिकारसंस्था त्यांची फारशी दखल घेत नाही. त्यामुळे कुपीतील प्रतिपिंडांपैकी या रेणूंविरुद्धचा वाटा अपुरा पडतो. संगणकीय रचनेचा प्रयत्न याच उणिवेपासून सुरू झाला.

त्रिअंगुली विष

त्रिअंगुली विष हे साधारण ६० ते ७५ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन असते. गंधकाच्या चार किंवा पाच बंधांनी घट्ट बांधलेल्या गाभ्यापासून तीन लांबट वळसे बाहेर येतात. ते हाताच्या तीन बोटांसारखे दिसतात, म्हणून हे नाव. या कुलातील काही विषे मज्जातंतू व स्नायू यांच्या सांध्यावरील अ‍ॅसिटिलकोलीनच्या ग्राहकाला चिकटतात. मज्जातंतूने पाठवलेला संदेश मग स्नायूपर्यंत पोहोचत नाही. पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे, गिळता न येणे आणि शेवटी श्वसनाचे स्नायू थांबणे हा क्रम त्यामुळेच दिसतो. याच कुलातील पेशीघातक विषे पेशींचे आवरण फाडतात. नागदंशाच्या जागी मांस सडते, त्यात त्यांचा मोठा भाग असतो.

ही विषे संरचना-अभ्यासकांच्या परिचयाची आहेत. सागरी सापाच्या अशा एका विषाची संरचना क्ष-किरण स्फटिकविद्येने १९७०च्या दशकातच उलगडली होती आणि त्यानंतर या कुलातील अनेक संरचनांची भर पडली. संगणकाचे भाकीत येथे चांगले जमते, यामागे हा साठा आहे.

भाकीत कसे केले जाते

प्रायोगिक पद्धतीने उलगडलेल्या प्रथिन-संरचना १९७१ पासून 'प्रोटीन डेटा बँक' या खुल्या संग्रहात जमा होत आहेत. डीपमाइंड या कंपनीने तयार केलेली अल्फाफोल्ड ही प्रणाली याच संग्रहावर शिकवण्यात आली. २०२०च्या 'कॅस्प' स्पर्धेत तिच्या दुसऱ्या आवृत्तीने इतर प्रणालींना फार मागे टाकले. या स्पर्धेत नुकत्याच उलगडलेल्या, पण अप्रकाशित संरचना गुप्त ठेवून स्पर्धकांकडून त्यांचे भाकीत मागवतात, त्यामुळे आधी पाहिलेले उत्तर लिहिण्यास वाव राहत नाही. २०२४चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अल्फाफोल्डसाठी डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना आणि नव्या प्रथिनांच्या संगणकीय रचनेसाठी डेव्हिड बेकर यांना विभागून देण्यात आले.

अल्फाफोल्डला ज्या प्रथिनाचा क्रम दिला असेल, त्याचे नातेवाईक क्रम ती निरनिराळ्या जीवांच्या जनुकीय माहितीतून प्रथम गोळा करते आणि एकाखाली एक मांडते. उत्क्रांतीत एका जागचे अमिनो आम्ल बदलले की दुसऱ्या एका जागचेही वारंवार बदललेले दिसत असेल, तर त्या दोन जागा घडीमध्ये एकमेकींच्या शेजारी असण्याचा संभव असतो. बिजागरीचा एक पाखा बदलला की दुसरा त्याला जुळेल असा घ्यावा लागतो, तसेच हे आहे. अशा हजारो संकेतांवरून आणि आधी शिकलेल्या संरचनांवरून प्रणाली प्रत्येक अणूची जागा ठरवते.

भाकितासोबत प्रत्येक अमिनो आम्लाला ० ते १०० असा विश्वासांक दिला जातो. ९०च्या वरचा भाग बहुधा अचूक, ७० ते ९० हा भाग ढोबळमानाने बरोबर आणि ५०च्या खालचा भाग आकार म्हणून वाचूच नये, असा संकेत आहे. दोन भागांची परस्पर मांडणी कितपत विश्वसनीय आहे, हे सांगणारा वेगळा तक्ता असतो. तो न पाहता केवळ रंगीत चित्रावर विसंबणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक होय. घडी शक्य कोटीतील आहे की नाही, हे तपासण्यासाठी चेन्नईत जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडलेला 'रामचंद्रन आलेख' आजही वापरतात. प्रथिनाच्या कण्यातील कोणते कोन शक्य आहेत आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतील, हे त्यावरून कळते. मात्र आलेखात बसणारी घडीही चुकीची असू शकते.

विषप्रथिनांच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. संग्रहातील क्रम पुष्कळदा विषग्रंथीत तयार होणाऱ्या पूर्वरूपाचा असतो. त्रिअंगुली विषाच्या पूर्वरूपात सुरुवातीला सुमारे २१ अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो. प्रथिन पेशीबाहेर पडण्यापूर्वी तो कापला जातो. संगणकाच्या चित्रात मात्र हा तुकडा शेपटीसारखा लोंबताना दिसतो. फुरशाच्या विषातील जस्तयुक्त प्रथिनभंजक विकरांत फरक याहून मोठा आहे. तेथे पूर्वरूपाचा बराच मोठा भाग कापला जातो, प्रत्यक्ष विकरावर शर्करेच्या साखळ्या असतात आणि त्याच्या क्रियाकेंद्रात जस्ताचा अणू असतो. अल्फाफोल्डच्या खुल्या संग्रहातील चित्रात ना शर्करा असते, ना जस्त. २०२४ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत धातू व लहान रेणू धरण्याची सोय झाली; तथापि ज्या भागांना निश्चित घडीच नाही, तेथेही ती कधीकधी सुबक आकार दाखवते.

विषरोधक प्रथिनाची रचना

सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेत सुसाना वास्केस तोरेस यांनी, डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील टिमोथी जेंकिन्स व इतर सहकाऱ्यांसह, तीन लक्ष्ये निवडली. पहिले लक्ष्य आखूड साखळीचे मज्जाविष, दुसरे लांब साखळीचे मज्जाविष आणि तिसरे पेशीघातक विष. लांब साखळीसाठी घेतलेले अल्फा-कोब्राटॉक्सिन हे पूर्व व ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंत आढळणाऱ्या नागाच्या एका जातीतले आहे. आखूड साखळीसाठी मात्र अनेक सापांच्या विषांवरून बेतलेला एक सरासरी क्रम वापरण्यात आला. म्हणजे नेमके ते विष कोणत्याही सापात नसते.

रचनेसाठी आरएफ-डिफ्यूजन ही प्रणाली वापरली गेली. ज्ञात संरचनांमधील अणूंच्या जागा हळूहळू विस्कटून, तो विस्कळीतपणा मागे कसा फिरवावा, हे तिला शिकवलेले असते. वापरताना विषाची संरचना स्थिर ठेवतात, तिच्याभोवती अणूंचा निरर्थक विखुरलेला ढग मांडतात आणि प्रणाली त्या ढगाला टप्प्याटप्प्याने विषावर बसणाऱ्या घडीचे रूप देते. येथे लक्ष्य ठरवले होते ते विषाच्या मधल्या बोटाची कड. हाच भाग स्नायूवरील ग्राहकात शिरतो, म्हणून तो झाकला गेला की विष ग्राहकाला चिकटू शकत नाही.

घडी तयार झाली तरी ती कोणत्या अमिनो आम्लांनी साकार होईल, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर प्रोटीन-एमपीएनएन नावाची दुसरी प्रणाली देते. मग हे क्रम अल्फाफोल्डला देऊन ती स्वतंत्रपणे तीच घडी आणि तीच जोडणी वर्तवते का, ते पाहतात. न जुळणाऱ्या रचना टाकून दिल्या जातात. या टप्प्याचे महत्त्व ओळखताना त्याची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. येथे एका प्रणालीचे उत्तर दुसरी प्रणाली तपासते आणि दोघींचे शिक्षण जवळजवळ एकाच संग्रहावर झालेले असते. दोघींचे एकमत ही निवडीची चाळणी आहे. रेणू खरोखर चिकटतो, याचा तो पुरावा होत नाही.

प्रयोगशाळेतील पडताळणी

चाळणीतून उरलेल्या प्रत्येक लक्ष्याच्या काही डझन रचनांची जनुके कृत्रिमरीत्या तयार करून ती यीस्टच्या पेशींत घातली गेली. यीस्ट ते प्रथिन आपल्या पृष्ठभागावर धारण करते. त्यावर चमकणारे चिन्ह लावलेले विष सोडले की कोणत्या पेशी विष धरून ठेवतात, ते मोजता येते. बहुसंख्य रचना येथेच अनुत्तीर्ण झाल्या. तरीही पूर्वी अशा कामासाठी लाखो प्रथिनांचे संग्रह चाळावे लागत, त्या तुलनेत काही डझनांत यश मिळणे ही मोठी सुधारणा होती. आखूड साखळीच्या विषावर प्रथम मिळालेले प्रथिन क्षीणपणेच चिकटत होते. त्याची घडी अंशतः विस्कटून पुन्हा बसवण्याच्या युक्तीने पकड कितीतरी पटींनी वाढवण्यात आली.

त्यानंतर निवडलेली प्रथिने जिवाणूंमध्ये तयार करून शुद्ध केली गेली. ती तापवली असता घडी टिकते का, हे पाहिले गेले आणि ती अतिशय उष्णतासह असल्याचे आढळले. प्रथिन व विष यांच्या जोडीचे स्फटिक मिळवून क्ष-किरणांनी संरचना पाहिली, तेव्हा ती संगणकावरील आराखड्याशी जवळजवळ अणूच्या पातळीवर जुळली. संपूर्ण कामात भाकितावर शिक्कामोर्तब करणारा टप्पा हाच. स्फटिकात विष भलत्याच बाजूने चिकटलेले दिसले असते, तर पकड कितीही घट्ट असली तरी आराखडा चुकला, असेच म्हणावे लागले असते.

पुढे पेशींवरील चाचण्या झाल्या आणि मग उंदरांवरील. मज्जाविषांची प्राणघातक मात्रा दिलेल्या उंदरांना रचलेले प्रथिन आधीच विषात मिसळून किंवा विषानंतर काही मिनिटांनी दिले गेले. मात्रा, विष व प्रथिन यांनुसार ८० ते १०० टक्के उंदीर वाचले.

काय सिद्ध झालेले नाही

उंदरांना देण्यात आले ते एकेक शुद्ध विष. नागाच्या दंशात मात्र त्रिअंगुली विषांचे अनेक प्रकार आणि त्यांच्याबरोबर फॉस्फोलायपेज विकरे व इतर घटक एकदम शरीरात शिरतात. एखाद्या अमिनो आम्लाच्या फरकानेही जोडणी सैल होऊ शकते, म्हणून एका विषावरील यश भावंड-विषांना आपोआप लागू होत नाही. भारतीय नागाचे विष प्रदेशानुसार बदलते आणि बाजारातील प्रतिविषे सर्व ठिकाणच्या विषांवर सारखी चालत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर यांच्या गटाने दाखवले आहे. तेव्हा महाराष्ट्रातील नागांसाठी असे प्रथिन उपयोगी पडावयाचे, तर महाराष्ट्रातल्याच नागांचे विष गोळा करून, त्यातील घटक ओळखून त्यांवर ते तपासावे लागेल.

वेळेचा प्रश्नही तितकाच कळीचा आहे. प्रयोगात विष व औषध यांच्यात काही मिनिटांचे अंतर होते. दिंडोरी तालुक्यातील वणीजवळच्या एखाद्या वस्तीवर रात्री दंश झालेला शेतमजूर गावातल्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत, आणि कृत्रिम श्वसनाची गरज पडल्यास नाशिकपर्यंत, काही तास सहज जातात. मांत्रिकाकडे वेळ गेला तर त्याहून अधिक. तोवर ग्राहकाला चिकटून बसलेले विष रचलेले प्रथिन ओढून काढू शकेल का, आणि किती वेळापर्यंत, हे दंश व उपचार यांतील अंतर वाढवत नेऊन मोजावे लागते.

या प्रथिनांचा लहान आकार दुधारी आहे. ती ऊतींत लवकर शिरतील, हा लाभ; परंतु इतकी लहान प्रथिने मूत्रपिंडातून लवकर बाहेरही पडतात. दंशाच्या जागेतून विष मात्र बराच काळ रक्तात झिरपत राहते. सकाळी बरा वाटणारा रुग्ण औषध संपल्यावर दुपारी पुन्हा ढासळणे शक्य आहे. शिवाय निसर्गात कधीच नसलेल्या या प्रथिनांना माणसाची प्रतिकारसंस्था कसा प्रतिसाद देईल, हे संगणक खात्रीने सांगू शकत नाही.

आणि सर्पदंश म्हणजे केवळ नाग नव्हे. मण्यारीच्या विषात त्रिअंगुली विषे असली, तरी त्यातील बीटा-बंगारोटॉक्सिन वेगळ्या जातीचे असते; ते मज्जातंतूचे टोकच निकामी करते. घोणस व फुरसे यांची विषे मुख्यतः रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतात. त्यांच्यासाठी प्रत्येकी वेगळी लक्ष्ये निवडून वेगळी प्रथिने रचावी लागतील. फुरशाच्या मोठ्या, बहुखंडी विकरांचा कोणता भाग झाकला असता विकार थांबेल, हे ठरवणेही मुळात प्रयोगाचेच काम आहे.

उंदरांतील यश आणि माणसांतील यश यांत किती अंतर असू शकते, याचे सर्पदंशातीलच एक उदाहरण आहे. व्हॅरेस्प्लॅडिब हे फॉस्फोलायपेज विकरांना रोखणारे संयुग मूळचे दाहविरोधी औषध म्हणून अभ्यासले गेले होते. त्याचा शोध यंत्र अध्ययनाने लागलेला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत त्याने अनेक सापांच्या विषांविरुद्ध प्रभावी परिणाम दाखवले. पुढे भारत व अमेरिका येथील रुग्णालयांत सर्पदंशाच्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत त्याच्या गोळ्या देऊन दुसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मुख्य निकषावर औषध घेणारे व न घेणारे यांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य फरक आढळला नाही. दंशानंतर लवकर गोळी मिळालेल्यांत लाभाचे संकेत दिसले. परंतु असा उपगट पुढील चाचणी कशी आखावी, एवढेच सांगतो.

सद्यःस्थिती

रचलेल्या सर्पविषरोधक प्रथिनांपैकी कोणतेही भारतात उपचारासाठी उपलब्ध नाही. ती आली तरी प्रथम प्रतिविषाच्या जोडीने वापरली जातील, असे संशोधकांचे मत आहे, कारण प्रतिविषातील प्रतिपिंडे विषाच्या मोठ्या घटकांवर चांगले काम करतात आणि लहान रेणूंची उणीव या प्रथिनांनी भरून काढता येईल. जिवाणूंमध्ये उत्पादन शक्य असल्याने आणि उष्णतेत टिकत असल्याने ती स्वस्त पडतील व शीतसाखळीविना साठवता येतील, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र औषधाच्या प्रतीच्या उत्पादनात ती अजून तपासली जावयाची आहे.

केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी आज हाती असलेली साधने जुनीच आहेत. घोणस किंवा फुरसे यांच्या दंशाची शंका असल्यास रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात व नंतर नळी तिरपी करतात. रक्त गोठलेले नसेल तर प्रतिविष सुरू करतात. नाग किंवा मण्यार यांच्या दंशात हीच चाचणी सामान्य येते, म्हणून तेथे पापण्यांकडे व श्वासाकडे लक्ष ठेवले जाते.